ऑफर लेटर आले आहे, पण नोंदणी शुल्क मागितले आहे

वाचकाचे पत्र

«पदवी मिळून दीड वर्ष झाले. गेल्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीचे ऑफर लेटर ई-मेलने आले. त्याआधी फोनवर पंधरा मिनिटांची मुलाखत झाली होती. पत्रावर कंपनीचे बोधचिन्ह, शिक्का, सही, नोंदणी क्रमांक, पत्ता असे सगळे आहे, आणि कंपनी खरी आहे हे मी तिच्या वेबसाइटवर पाहिले आहे. फक्त ४८ तासांत नोंदणी शुल्क भरायचे आहे. ते पहिल्या पगाराबरोबर परत मिळणार आहे आणि रक्कमही फार मोठी नाही. घरचे म्हणतात, एवढ्याशा रकमेसाठी चालून आलेली नोकरी घालवू नकोस. कंपनीला चौकशीचा फोन केल्यास ते नाराज होऊन ऑफर काढून घेतील, अशी भीती वाटते. पत्र खरे की खोटे, हे कसे ओळखावे?»

उत्तर

आज पैसे भरू नका, बाकीचे बोलणे त्यानंतर करू. थांबल्यामुळे नुकसान झालेच तर ते एक-दोन दिवसांच्या उशिराचे असेल, आणि पत्र खरे निघाले तर कंपनीशी बोलून तो उशीर निस्तरता येईल. आपण स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेली रक्कम परत आणणे मात्र बँकेलाही बहुतेक वेळा जमत नाही.

कंपनी खरी असल्याची खात्री तुम्ही करून घेतली आहे, आणि ती बरोबरच असेल. पण इथे प्रश्न एक नसून तीन आहेत. अशी कंपनी आहे का, हा पहिला. हे पत्र तिनेच पाठवले आहे का, हा दुसरा. आणि हे पैसे तीच मागते आहे का, हा तिसरा. तुम्ही पहिल्याचे उत्तर मिळवले आणि त्याच्या आधारे उरलेल्या दोहोंचेही गृहीत धरले. फसवणारा माणूस नेमकी याच गृहीतावर मदार ठेवतो. तो काल्पनिक कंपनी उभी करण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही, कारण लोक नाव शोधून पाहतात हे त्याला ठाऊक असते. तो नावाजलेली कंपनी निवडतो, म्हणजे तुम्ही तपास केलात तरी तो तपासच त्याच्या बाजूने साक्ष देतो.

पत्रावरच्या खुणांचेही तसेच आहे. बोधचिन्ह वेबसाइटवरून उतरवून घेता येते. नोंदणी क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता या सार्वजनिक गोष्टी असून त्या कुणालाही पाहता येतात. सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व्यावसायिक ओळखीच्या साइटवरून उचलता येते आणि ती व्यक्ती खरोखर त्या कंपनीत त्याच हुद्द्यावर असू शकते. मी मनुष्यबळ विभागात काम करत असताना एके दिवशी एक तरुण सामानाची बॅग घेऊन आमच्या स्वागतकक्षात रुजू व्हायला आला. त्याच्या हातातल्या पत्रावर माझ्याच सहकाऱ्याचे नाव होते आणि खाली जो शिक्का होता तो आमच्या खऱ्या, झिजलेल्या शिक्क्यापेक्षा कितीतरी नीटनेटका होता. त्याने शुल्क दोन हप्त्यांत भरले होते. त्या दिवसापासून मी पत्राच्या देखणेपणाला पुरावा मानणे सोडून दिले. पत्रात शुद्धलेखनाच्या चुका असतील तर संशय घ्यावा, असे पूर्वी सांगितले जाई. आज निर्दोष मजकुराचाही भरवसा धरता येत नाही.

मग नक्कल करता येत नाही असे काय उरते? ई-मेल ज्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या `@` नंतरच्या नावावरून, खरोखर आला ते डोमेन, आणि तुम्ही स्वतः शोधून काढलेल्या मार्गाने कंपनीकडून आलेले उत्तर. या दोन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

ई-मेल उघडल्यावर वर जे नाव ठळक दिसते त्याकडे लक्ष देऊ नका, कारण ते पाठवणारा हवे ते लिहू शकतो. त्या नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता उघडा आणि `@` या चिन्हानंतरचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. समजा कंपनीची खरी वेबसाइट `udyog.example` आहे. (हे डोमेन उदाहरणापुरते घेतले आहे, तुमच्या कंपनीचे खरे डोमेन त्याच्या जागी ठेवून वाचा.) अशा वेळी `hr@udyog.example` आणि `hr@careers.udyog.example` हे दोन्ही पत्ते त्या कंपनीच्या ताब्यातले आहेत, कारण दोन्ही पत्त्यांचा शेवट `udyog.example` असा होतो आणि त्याच्या लगेच आधी `@` किंवा टिंब आहे. `hr@udyog-careers.example` हा पत्ता मात्र वेगळ्याच डोमेनचा आहे. शब्द मागेपुढे झाले आणि टिंबाच्या जागी आडवी रेघ आली एवढाच फरक दिसतो, पण तेवढ्यात मालक बदलतो. असे डोमेन किरकोळ रकमेत कुणालाही विकत घेता येते आणि विकत घेताना त्या कंपनीची परवानगी कुणी विचारत नाही. `careers`, `jobs`, `hr`, `recruitment` असे शब्द जोडलेली डोमेन याच कारणाने या धंद्यात फार चालतात. पत्ता एखाद्या फुकट ई-मेल सेवेचा असेल तर मोठ्या कंपनीच्या बाबतीत एवढ्यावरच उत्तर मिळाल्यासारखे आहे.

कधी कधी मात्र पत्ता अगदी खरा दिसतो आणि तरी मेल खोटा असतो. पाठवणाऱ्याच्या रकान्यात दुसऱ्याचा पत्ता घालणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसते. अशा वेळी मेलचे हेडर पाहावे लागते, म्हणजे मेल कुठून कसा आला याची जी नोंद आपल्या नजरेआड ठेवलेली असते ती. जीमेल संगणकावर उघडून त्या मेलच्या उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर टिचकी मारली की `Show original` हा पर्याय येतो. इतर सेवांमध्येही अशीच सोय कुठे ना कुठे असते. तिथे तुम्हाला साधारण असे काही दिसेल:

```
From: Udyog HR <hr@udyog.example>
Reply-To: udyog.joining.desk@mail.example
Authentication-Results: spf=fail dkim=none dmarc=fail
```

यातल्या दोन ओळी पाहिल्या तरी पुरे. `Reply-To` म्हणजे तुम्ही उत्तर दिल्यास ते जाईल तो पत्ता. मेल कंपनीच्या नावाने आला आणि उत्तर मात्र भलत्याच पत्त्यावर जाणार असेल, तर पाठवणाऱ्याला कंपनीच्या खऱ्या पेटीत तुमचे उत्तर पोहोचू द्यायचे नाही, असाच त्याचा बहुधा अर्थ निघतो. दुसरी ओळ `Authentication-Results`. तिच्यातल्या `spf`, `dkim` आणि `dmarc` या मेल खरोखर त्या डोमेनचा आहे का हे पाहणाऱ्या तीन तपासण्या आहेत. तिथे `dmarc=fail` असे असेल, तर वर दाखवलेल्या डोमेनने हा मेल आपला असल्याची ग्वाही दिलेली नाही. मेल दुसऱ्या पेटीतून पुढे पाठवला गेला असेल तर क्वचित खऱ्या मेललाही असा शेरा मिळतो, पण पैसे मागणाऱ्या मेलच्या बाबतीत ही सवलत देण्याचे कारण नाही.

इथे पुष्कळ जण एक चूक करतात. तिन्ही ठिकाणी `pass` दिसले की मेल खरा, असे ते समजतात. `pass` चा अर्थ एवढाच की मेल दाखवलेल्या डोमेनवरूनच आला आहे. ते डोमेन कंपनीचे आहे की नाही, याबद्दल तो शेरा काहीही सांगत नाही. ज्याने `udyog-careers.example` विकत घेतले आहे तो आपल्या मेलला तिन्ही ठिकाणी व्यवस्थित `pass` मिळवून देऊ शकतो, कारण डोमेन त्याचेच आहे. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपालाही हेच लागू आहे. तुमची आणि त्या साइटची देवाणघेवाण मधल्या कुणाला वाचता येणार नाही, एवढीच हमी ते कुलूप देते. समोरची साइट सचोटीची आहे असे ते म्हणत नाही.

म्हणून डोमेन अनोळखी वाटले तर त्याचे वय पाहा. `lookup.icann.org` या ठिकाणी डोमेनचे नाव घातले की बहुतेक सर्वसाधारण डोमेनांची नोंद उघडते आणि तिच्यात निर्मितीची तारीख दिसते. काही देशांच्या स्वतःच्या डोमेनांची माहिती तिथे मिळत नाही. ती त्या देशाच्या नोंदणी यंत्रणेच्या साइटवर शोधावी लागते. मालकाचे नाव हल्ली बहुधा झाकलेले असते, पण आपल्याला नाव नको, तारीख हवी आहे. कंपनी तीस वर्षांची, तिच्या मुख्य वेबसाइटचे डोमेन वीस वर्षांचे आणि ज्या डोमेनवरून ऑफर लेटर आले ते तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेले, असे दिसले तर आणखी काय शोधायचे राहिले? मात्र तारीख जुनी निघाली म्हणून निर्धास्त होऊ नका. जुनी डोमेनही विकत मिळतात, आणि प्रामाणिक कंपनीच्या चोरलेल्या मेलपेटीतूनही असे मेल गेलेले आहेत. या तपासातून खोटेपणा सिद्ध होऊ शकतो, पण खरेपणा सिद्ध होत नाही.

खरेपणा सिद्ध करण्याचा मार्ग एकच आहे, आणि तुम्ही घाबरता तोच तो: कंपनीला विचारणे. फक्त विचारायचे कुठे, यावर सगळे अवलंबून आहे. पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन केलात तर पत्र लिहिणाराच तो उचलेल आणि पत्र खरे असल्याचे तुम्हाला मोठ्या आपुलकीने सांगेल. पत्रातल्या दुव्यावरून उघडलेली साइट आणि पत्रावरचा क्यूआर कोडही त्याच्याच दारात नेऊन सोडतात. नंबर शोधताना शोधयंत्राच्या पहिल्या निकालावरही विसंबू नका, कारण तिथे जाहिरात म्हणून खोटे संपर्क क्रमांक झळकवण्याचा प्रकार सर्रास चालतो. कंपनीच्या वार्षिक अहवालातला, तिच्या उत्पादनाच्या वेष्टनावरचा किंवा सरकारी कंपनी-नोंदणीतला वेबसाइटचा पत्ता घ्या, तो ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून मुख्य साइट उघडा आणि तिथल्या मुख्य कार्यालयाच्या नंबरवर फोन करून मनुष्यबळ विभाग मागा. त्याच साइटच्या नोकरीविषयक पानावर तुमच्या पदाची जाहिरात आहे का, तेही पाहा. अनेक मोठ्या कंपन्यांनी त्या पानावर, आम्ही उमेदवाराकडून कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाही, असा इशारा दिलेला असतो. तुमच्या कंपनीने तो दिला असेल तर फोन करण्याआधीच तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळून जाईल.

फोनवर नीट बोलणे झाले नाही तर मेल लिहा, आणि तो त्रोटक ठेवा. मी असा लिहीन: «माझ्या नावे आपल्या कंपनीचे अमुक तारखेचे, अमुक संदर्भ क्रमांकाचे ऑफर लेटर मला अमुक ई-मेल पत्त्यावरून आले आहे. हे पत्र आपण दिले आहे का? रुजू होण्यापूर्वी नोंदणी शुल्क भरण्यास त्यात सांगितले आहे. असे शुल्क आपली कंपनी घेते का? पत्राची प्रत सोबत जोडली आहे.» यात दोन प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, आणि त्याचे कारण पुढे येईल. जोडलेल्या प्रतीवरचा तुमचा ओळखपत्र क्रमांक आणि बँक खात्याचा क्रमांक तेवढा झाकून टाका.

असे विचारल्याने ऑफर जाईल, ही भीती मला समजते, पण ती अस्थानी आहे. दीड वर्षाच्या प्रतीक्षेनंतर आलेल्या संधीला धक्का लागू नये असे वाटणे साहजिक आहे, आणि फसवणारे लोक नेमके अशाच काळात गाठतात. तरी मनुष्यबळ विभागाच्या बाजूने पाहा. निवडलेला उमेदवार पत्राची खातरजमा करतो, यात आम्हाला कधी काही वावगे वाटले नाही. आम्हीही त्याच्या आधीच्या कामाची, पदवीची आणि पत्त्याची खातरजमा करतच असतो. उलट आमच्या नावाने कुणी पैसे उकळतो आहे हे अशा फोनवरूनच आम्हाला कळत असे. चौकशीच्या एका सभ्य फोनमुळे जी नोकरी जाते, ती बहुधा मुळातच नव्हती.

आता शुल्काकडे वळू. तुमच्या घरच्यांनी रकमेचा आकार पाहिला, मी ती कुठून कुठे जाते ते पाहतो. पहिल्या पगाराबरोबर परत द्यायचेच आहेत, तर ते पैसे आधी घ्यायचे कशाला? कंपनीला खरोखर एखादा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा असता, तर पगार तिच्याच हातात होता. म्हणून त्यांना एवढेच लिहून पाहा: «शुल्क माझ्या पहिल्या पगारातून कापून घ्यावे, माझी हरकत नाही.» यावर नियम, संगणक प्रणाली, वरिष्ठांचा आदेश, इतर उमेदवारांनी भरले आहे, तुमची जागा दुसऱ्याला जाईल, अशी कारणे येऊ लागली की पैसे हाच पत्राचा खरा विषय होता हे उघड होते. त्यांनी लगेच होकार दिला तरी पत्र खरे ठरत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. मग ओळखपत्रे किंवा बँकेचा तपशील मागून दुसऱ्या वाटेने प्रयत्न होऊ शकतो.

रक्कम लहान असणे हाही त्या योजनेचाच भाग असतो. कुणाला न विचारता भरता येईल एवढीच ती ठेवलेली असते. तिच्यातून फसवणाऱ्याला पैशाबरोबर एक माहितीही मिळते, ती म्हणजे हा माणूस पैसे भरतो. त्यानंतर प्रशिक्षणाचे शुल्क येते, मग लॅपटॉपची अनामत, वैद्यकीय तपासणी, पार्श्वभूमी पडताळणी, आणि दर वेळी आधीची रक्कम सुटावी म्हणून पुढची भरावीशी वाटते. आमच्या स्वागतकक्षात आलेल्या त्या तरुणाचा दुसरा हप्ता असाच गेला होता.

मग नोकरीच्या वाटेवर पैसे मागणारा प्रत्येक जण लबाड असतो का? तसे म्हणता येणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ सालच्या १८१ व्या कराराचे ७ वे कलम सांगते की खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, पूर्ण वा अंशतः, कोणतेही शुल्क घेऊ नये. मात्र त्याच कलमात काही प्रकारच्या कामगारांसाठी आणि काही सेवांसाठी अपवाद करण्याची मुभा आहे, आणि सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही. त्यामुळे कुठे कायद्याने मर्यादित शुल्क घेता येते, कुठे अजिबात घेता येत नाही. सरकारी भरती परीक्षांनाही अर्ज शुल्क असते. पण या रीतसर शुल्कांची चाल निराळी असते. ती जाहिरातीत आधीच छापलेली असतात, अर्ज करतानाच भरायची असतात, निवड होवो न होवो सर्वांना सारखी असतात आणि संस्थेच्या स्वतःच्या साइटवरून भरली जाऊन त्यांची पावती मिळते. निवड झाल्याचे सांगितल्यानंतर, पत्र हाती देऊन, मुदतीच्या धाकाखाली मागितलेले शुल्क या चौकटीत बसत नाही.

पैसे कुणाच्या खात्यात जाणार आहेत, तेही पाहून ठेवा. ते त्यांनी दिलेल्या तपशिलातच बहुधा दिसते, त्यासाठी थोडे पैसे पाठवून पाहण्याची गरज नाही. मोठ्या कंपनीचे शुल्क एखाद्या व्यक्तीच्या नावे किंवा भलत्याच व्यापारी पेढीच्या नावे जात असेल आणि त्यावर «हे आमच्या लेखापालाचे खाते आहे» असे सांगण्यात येत असेल, तर ते खाते बहुतेक दुसऱ्याचे, भाड्याने वापरलेले असते. खात्याचे नाव कंपनीच्या नावासारखे असले तरी शंका संपत नाही, कारण मिळत्याजुळत्या नावाने खाते उघडता येते. भेटकार्ड किंवा आभासी चलनाच्या रूपाने पैसे मागितले असतील, तर पुढे विचारण्यासारखे काहीच उरत नाही.

मेलमधले दोन प्रश्न वेगळे का ठेवले, ते आता सांगतो. कधी कधी कंपनी उत्तर देते की पत्र आमचेच आहे, पण शुल्काचे आम्हाला काही माहीत नाही. म्हणजे जागा खरी, निवड खरी आणि मधल्या दलालाने किंवा भरती संस्थेतल्या कुणीतरी शुल्काचा परिच्छेद आपल्या पदरचा घातलेला असतो. मला हा सगळ्यांत अवघड प्रकार वाटतो, कारण इथे पैसे भरणाऱ्याला नोकरी मिळतेही, आणि म्हणून तो गप्प राहतो. अशा वेळी नोकरी सोडायची गरज नाही आणि शुल्क भरायचीही नाही. कंपनीकडून थेट, तिच्या स्वतःच्या डोमेनवरून, शुल्काचा उल्लेख नसलेले पत्र मागून घ्या आणि पुढचा सगळा व्यवहार तिच्याशीच ठेवा. फक्त «पत्र तुमचेच ना?» एवढेच विचारले असते, तर होकार ऐकून तुम्ही पैसे भरून मोकळे झाला असता.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी पैसे आधीच भरले असतील, तर त्यांनी कंपनीच्या उत्तराची वाट पाहू नये. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती अडवता आली तरच काही उपयोग होतो, म्हणून त्याच तासाला बँकेला कळवावे, व्यवहाराचा क्रमांक द्यावा आणि आपल्या देशातील सायबर गुन्ह्यांच्या तक्रार यंत्रणेकडे नोंद करावी. पैसे कार्डाने भरले असतील तर तो व्यवहार आव्हानित करण्याची सोय बँकेत असते, तीही विचारावी. त्यानंतर काही दिवसांनी तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, असे सांगणारा एखादा «वकील» किंवा «अधिकारी» फोन करण्याची दाट शक्यता आहे. तोही आधी शुल्कच मागतो, आणि पुष्कळदा तो त्याच टोळीतला असतो. ओळखपत्राच्या प्रती पाठवल्या असतील तर त्या परत मिळत नाहीत, तेव्हा आपल्या नावावर परस्पर कर्ज किंवा खाते उघडले गेले आहे का, हे पुढील काही महिने पतमाहितीच्या अहवालातून पाहत राहावे लागते. मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे एखादे ॲप त्यांच्या सांगण्यावरून घेतले असेल, तर ते आधी काढून टाकावे आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत.

राहिली ४८ तासांची मुदत. कंपनीचे उत्तर यायला याहून अधिक वेळ लागू शकतो, तेव्हा मुदत उलटू द्या. खऱ्या ऑफर लेटरमध्येही मुदत असते, पण ती होकार कळवण्याची असते. ती सांभाळायची असेल तर होकार कंपनीच्या खऱ्या पत्त्यावर कळवा, पैशाचा विषय त्यात न आणता. मुदत संपल्यावर तुम्हाला बहुधा आणखी एक मेल येईल: तुमच्यासाठी खास बाब म्हणून आणखी २४ तास दिले आहेत, किंवा आता अर्धेच शुल्क भरले तरी चालेल. त्याला उत्तर देऊ नका आणि तो पुसूनही टाकू नका. पहिल्या पत्रासह तो जोडणी म्हणून कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला आणि तक्रारीसोबत पोलिसांना पाठवा. नुसते छायाचित्र काढून पाठवले तर हेडर मागे राहते, आणि तपास करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.